शब्दचर्चा : ‘कंपोझिट’ आणि ‘मिक्स्ड’ सप्लायला मराठीत काय म्हणावं?

धरणगावची लेक
माझा मामेभाऊ चाळीसगावला केटरिंग करतो. त्याच्यासाठी आणि त्याच्या ओळखीच्या चार-पाच आचारी-मांडववाल्यांसाठी जीएसटीची दोन पानी मराठी माहिती लिहून देतेय. ‘कंपोझिट सप्लाय’ आणि ‘मिक्स्ड सप्लाय’ इथे अडकले. मराठी लेखांत ‘संमिश्र पुरवठा’ आणि ‘मिश्र पुरवठा’ असं दिसतं. भावाला वाचून दाखवलं तर म्हणाला, “ताई, दोन्ही एकच ना?” त्याचं बरोबरच आहे. कानाला एकच वाटणाऱ्या शब्दांवर एक जण 5 टक्के भरतो आणि दुसरा 18. दुसरे शब्द सुचवा.

तापीकाठ
‘सं’ लावल्याने मिश्रण अधिक घट्ट झाल्याचं संस्कृत जाणणाऱ्याला कळेल, आचाऱ्याला नाही. पहिल्याला ‘संयुक्त’ म्हणा, दुसऱ्याला ‘सरमिसळ’. पण फरक नेमका काय ते आधी सांगा, नाहीतर आपण नुसते शब्द पाडत बसू.

मेहरूणकर
फरक सोपा आहे. एकच रक्कम लावली की मिक्स्ड. वेगवेगळं बिल केलं की प्रश्नच मिटला. आमचे अकाउंटंट हेच सांगतात. त्यामुळे पानावर एवढंच लिहा की प्रत्येक वस्तूचं बिल वेगळं करा.

शेवभाजीवाला
मना प्रश्न साधा शे. मी कंपोझिटमध्येच आहे, वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत, 5 टक्के भरतो. मग मिक्स्डचं मला काही लागू नाही ना? पारोळ्याकडे रस्त्यावर ढाबा आहे माझा.

करवाटा, धुळे
शेवभाजीवाले भाऊ, तुम्ही म्हणताय ती कंपोझिशन योजना, तिचा या विषयाशी संबंध नाही. ती दुकानदाराची निवड आहे. त्यात तुम्ही उलाढालीवर 5 टक्के स्वतःच्या खिशातून भरता, गिऱ्हाइकाकडून कर घेत नाही आणि बिलाला ‘बिल ऑफ सप्लाय’ म्हणता. दारू देत असाल तर ती योजनाच मिळत नाही. कंपोझिट सप्लाय हे एखाद्या व्यवहाराचं रूप आहे. ताई, तुमच्या पानात या दोन इंग्रजी शब्दांबद्दल आधी एक ओळ टाका. हा गोंधळ मी दर महिन्याला ऐकतो.

मेहरूणकर, तुमचं अर्धं बरोबर. मिक्स्डसाठी एकच किंमत ही अटच आहे. त्यामुळे खरोखर वेगळ्या किमती लावल्या, तर मिक्स्ड उरत नाही. पण कंपोझिटचं तसं नाही. तिथे बघायचं की या गोष्टी धंद्याच्या रोजच्या रीतीनुसार एकत्रच दिल्या जातात का, आणि त्यात एक मुख्य आहे का. असं असेल तर बिलात दहा ओळी पाडल्या तरी कर मुख्य गोष्टीच्या दरानेच लागतो. लग्नाचं जेवण दिलं आणि बिलात ‘वाढपी’, ‘भांडी’, ‘गॅस’, ‘टेम्पो’ अशा वेगळ्या रकमा लिहिल्या. म्हणून भांड्यांवर 18 टक्के लागत नाहीत, ती जेवणाचाच भाग आहेत. आमच्याकडे वरण-बट्टीच्या पंगतीत तुपाचं वेगळं बिल कुणी करत नाही, तसंच हे.

तापीकाठ
मग पहिल्याला ‘जोड पुरवठा’ म्हणा. मुख्य वस्तू आणि तिला जोडून येणारी. ‘जोडधंदा’, ‘जोडशब्द’ या ओळखीच्या चालीचा शब्द आहे.

धरणगावची लेक
‘जोड’ आवडला. आता भावाचाच प्रश्न विचारते. एका लग्नाचं त्याने 3 लाखांचं पॅकेज केलं. जेवण 500 ताटं, 360 रुपये ताट. मांडव आणि खुर्च्या 60 हजार, स्टेजची फुलांची सजावट 30 हजार, फोटो-व्हिडिओ 30 हजार. पार्टीला सांगितलं एकच रक्कम, वर 5 टक्के, म्हणजे 3,15,000. जेवण मुख्य आहे म्हणून सगळं जोड पुरवठा. बरोबर का?

मेहरूणकर
जेवण 1,80,000, म्हणजे निम्म्याहून जास्त. मुख्य तेच. 5 टक्के बरोबर आहे.

करवाटा, धुळे
रक्कम मोठी आहे एवढ्याने कुणी मुख्य होत नाही. उरलेल्या गोष्टी त्याच्यामागे आपोआप येतात का, हे पाहायचं. एकेक घेऊ.

बाहेरचं केटरिंग आणि सोबत जागा, मग ते सभागृह असो की मांडव-शामियाना, ही जोडी दराच्या अधिसूचनेतच नावानिशी आहे. तिचा दर 5 टक्के, खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळत नाही. 1 ऑक्टोबर 2019 पासून हे आहे, त्याआधी केटरिंगला 18 होते. मोठ्या हॉटेलच्या आवारात, जिथे खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर जातं, तिथे आजही 18 आणि क्रेडिटसह. चाळीसगावच्या मांडवाला ते लागू नाही. तर जेवण, मांडव, खुर्च्या मिळून 2,40,000 वर 5 टक्के, म्हणजे 12,000. इथपर्यंत मला शंका नाही.

फोटोग्राफर मात्र जेवणामागे येत नाही. भावाच्या गावात शंभर लग्नं बघा, बहुतेक ठिकाणी फोटोवाला वेगळा ठरवलेला असतो. म्हणजे ही केटरिंगची रीत नव्हे, भावाची सोय आहे. सजावटीबद्दल माझं मत थोडं कच्चं आहे. मांडवाला झालर आणि दारावर तोरण हे मांडवातच आलं म्हणता येईल. 30 हजारांचं फुलांचं स्टेज तसं मानायला अधिकारी तयार होईलच असं नाही. मी ते बाहेर ठेवतो. दोन्ही मिळून 60,000 वर 18 टक्के, 10,800. एकूण कर 22,800.

आता भावाने केलेलं एकरकमी बिल बघा. त्याने 15,000 कर घेतला. फोटो आणि सजावट जोडलेली नाहीत असं ठरलं, तर एकाच किमतीत न जुळणाऱ्या गोष्टी आल्या, म्हणजे मिक्स्ड. मिक्स्डमध्ये सगळ्यात चढा दर सगळ्या रकमेवर लागतो. 3 लाखांवर 18 टक्के, 54,000. पार्टी तर केव्हाच हळद धुऊन मोकळी झाली, वरचे 39,000 आणि त्यावरचं व्याज भावाच्या खिशातून. 22,800 नीट घेता आले असते, तिथे 54,000 ची मागणी.

धरणगावची लेक
बाप रे. म्हणजे त्याने पार्टीला ‘सगळं मिळून’ म्हणणंच अंगाशी येतं?

करवाटा, धुळे
तोंडी ‘सगळं मिळून’ म्हणा, कोटेशनमध्ये फोटो आणि सजावट वेगळ्या ओळीत, वेगळ्या किमतीने आणि ‘नको असल्यास वगळता येईल’ असं लिहून. वगळल्यावर रक्कम खरोखर कमी व्हायला हवी. नुसत्या बिलात ओळी पाडल्या आणि करारात एकच आकडा असला, तर करारच बोलतो.

आणखी एक, जे लोक विसरतात. जोड असो की गठ्ठा, दोन्हीला पुरवठादार एकच लागतो. मंगल कार्यालयाने पार्टीला हॉलचं बिल दिलं, केटररने जेवणाचं वेगळं दिलं, तर दोन स्वतंत्र पुरवठे. हॉलला 18, जेवणाला 5.

तापीकाठ
तुम्ही नकळत ‘गठ्ठा’ म्हणालात. दुसऱ्यासाठी ‘एकमोल गठ्ठा’ का नको? एक मोल ही अट नावातच येते. ‘सरमिसळ’ मी मागे घेतो, त्यात किंमत दिसत नाही.

मेहरूणकर
गठ्ठा ऐकला की मला पेपरची रद्दी आठवते. पण चालेल. ढाब्यावरच्या थाळीचं काय? थाळीसोबत कोल्ड्रिंक दिलं की 40 टक्के?

करवाटा, धुळे
नाही. हॉटेलात बसून किंवा पार्सल, थाळी आणि पेय मिळून ती रेस्टॉरंटची सेवा, 5 टक्के. कायद्यानेच तिला सेवा मानलंय, त्यामुळे ताटातल्या प्रत्येक पदार्थाचा दर शोधत बसायचं नाही. सिनेमागृहाबद्दल 1 ऑगस्ट 2023 चं परिपत्रकही हेच सांगतं. तिथलं खाणं वेगळं विकलं तर रेस्टॉरंटसारखं, पण तिकिटासोबत एकत्र विकलं आणि ते खरोखर जोड असलं, तर सगळं सिनेमाच्या दराने.

गठ्ठ्याचा खरा दणका दिवाळीत बसतो. 22 सप्टेंबर 2025 पासून शेव-चिवडा, मिठाई, चॉकलेट, सुकामेवा सगळं 5 टक्क्यांवर आहे. गॅसवाली पेयं मात्र 40 वर. 600 रुपयांच्या फराळ डब्यात कुणी 40 रुपयांची कोल्ड्रिंकची बाटली घातली, एकच किंमत लावली, तर 600 वर 40 टक्के, म्हणजे 240 रुपये कर. बाटली वेगळी विकली तर 560 वर 28 आणि बाटलीवर 16, मिळून 44. एका बाटलीपायी 196 रुपये.

शेवभाजीवाला
मग बाटली ‘फुकट’ लिहा ना भो.

करवाटा, धुळे
तेही चालत नाही. ‘एकावर एक फुकट’बद्दल 7 मार्च 2019 चं परिपत्रक आहे. त्यात फुकट वस्तू फुकट मानलेली नाही. एका किमतीत दोन वस्तू दिल्या असं धरतात आणि मग जोड की गठ्ठा ते बघतात. फराळ आणि कोल्ड्रिंक जोड आहे हे मी कुणापुढे मांडू शकणार नाही.

धरणगावची लेक
पानाचा मसुदा असा करतेय. ‘जोड पुरवठा’ म्हणजे कंपोझिट, ‘एकमोल गठ्ठा’ म्हणजे मिक्स्ड. पहिल्यांदा आले की देवनागरीत इंग्रजी शब्द शेजारी ठेवीन, नाहीतर भाऊ नोटीस आली की ओळखणार नाही. प्रिन्सिपल सप्लायला ‘मुख्य पुरवठा’. आणि शेवभाजीवाले भाऊंसाठी कंपोझिशनची वेगळी ओळ सगळ्यात वर.

एक राहिलं. भाऊ गल्ल्यावरून सीलबंद पाण्याची आणि कोल्ड्रिंकची बाटली नुसतीही विकतो, जेवणाशिवाय. ती रेस्टॉरंटची सेवा की वस्तूची विक्री?

मेहरूणकर
हॉटेलातून गेली म्हणजे सेवाच.

करवाटा, धुळे
मी वस्तूची विक्रीच धरेन. सील न तोडता गल्ल्यावरून दिली, वाढलं नाही, बसवलं नाही, मग सेवा कसली? कोल्ड्रिंकला 40, पाण्याला 5. पण याच्या उलट वागणारे माझ्याच गल्लीत दोन जण आहेत, आणि त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.