मदत हवी आहे : यीस्टला फेस येतो, पण थंडीत ब्रेडचे पीठ फुगत नाही

ओवी_१७ : सध्या स्वयंपाकघराचे तापमान 16 अंशांच्या आसपास असते. मी 500 ग्रॅम मैदा, 320 मिली पाणी, 9 ग्रॅम मीठ आणी 7 ग्रॅम दाणेदार कोरडे यीस्ट असे प्रमाण घेते. यीस्ट 100 मिली कोमट पाण्यात चमचाभर साखर घालून दहा मिनिटे ठेवले असता त्यावर जाड फेस येतो. उरलेले 220 मिली पाणी मात्र नळाचे असते. एवढे करूनही दीड तासानंतर पिठाचा गोळा जेमतेम हललेला दिसतो. पाकीट उघडून बरेच महिने झाले आहेत. यीस्ट मेले असावे का, आणि तसे असल्यास फेस कसा येतो?

रानफूल : पाकीट टाकून द्या आणि नवे आणा. तोपर्यंत यीस्ट दुप्पट घाला आणि पीठ 50 अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये ठेवा, हमखास फुगेल.

जुना_भटारी : दाट फेस आला म्हणजे यीस्ट जिवंत आहे, तेव्हा पाकीट टाकण्याची घाई नको. ओव्हन 50 अंशांवर तर मुळीच नको, कारण गोळ्याची बाहेरची बाजू तापून सुकते, आत गारवा राहतो आणि तापमान आणखी थोडे चढले की कडेचे यीस्ट मरू लागते.

माझा संशय पाण्यावर आहे. 100 मिली पाणी 40 अंशांचे आणि 220 मिली 15 अंशांचे एकत्र केले, तर मिश्रण 23 अंशांच्या जवळ येते. त्यात 16 अंशांचा मैदा पडला की पीठ 20 अंशांवर उतरते आणि गार ओट्यावर मळता मळता आणखी निवते. यीस्ट 25-26 अंशांवर ज्या वेगाने काम करते, तो वेग 18 अंशांवर जवळपास निम्म्यावर येतो. म्हणजे तुमच्या दीड तासात गरजेच्या अर्धेच काम होत असणार. उरलेले पाणीही 35 अंशांचे घ्या, आणि मळून झाल्यावर थर्मामीटर गोळ्याच्या मध्यापर्यंत खुपसून पाहा. आकडा 24 ते 26 आला तर पाणी बरोबर होते. कमी आला तर पुढच्या वेळी दोन-तीन अंश वाढवा.

दहिवर : माझ्याकडे उलटी तक्रार आहे. हवा इतकी दमट असते की त्याच प्रमाणात पीठ हाताला चिकटून राहते आणि गोळा पसरट होतो. दमटपणाने यीस्ट मंदावते, असे वाचले आहे.

जुना_भटारी : दमट हवेने पिठातले यीस्ट मंदावत नाही, उलट गोळ्यावर साय धरत नाही, हा फायदाच आहे. फरक पडतो तो मैद्याने आधीच ओल शोषून घेतल्यामुळे. 320 पैकी 15-20 मिली पाणी बाजूला ठेवून मळायला घ्या आणि गोळा कोरडा वाटला तरच ते घाला. दमटपणाचा खरा धोका उघड्या पाकिटातल्या कोरड्या यीस्टला असतो. ते घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीजमध्येच राहू द्यावे.

ओवी_१७ : थर्मामीटर खुपसला तेव्हा आकडा 18 होता. मग सगळेच पाणी कोमट घेऊन पीठ मळले. ते 25 अंशांवर आले आणि दिवा लावलेल्या बंद ओव्हनमध्ये दीड तासाच्या आत दुप्पट झाले. पण साच्यात भरल्यानंतरचे दुसरे फुगणे पुन्हा रेंगाळले. दुसरे असे की, फेस दिसला म्हणजे यीस्ट पूर्ण ताकदीचे आहे, असे धरावे का?

जुना_भटारी : नाही. साखरपाण्यात ना मीठ असते, ना घट्ट पीठ उचलावे लागते, त्यामुळे अर्धे थकलेले यीस्टही तिथे फेस दाखवते. शंका असल्यास मळलेल्या पिठातला लिंबाएवढा तुकडा सरळ बाजूंच्या पेल्यात दाबून बसवावा, पातळीवर रबर चढवावा आणि पेला गोळ्याशेजारीच ठेवावा. वाडग्यात फुगणे डोळ्यांना फसवते, पेल्यात ते नेमके मोजता येते. 25 अंशांवर दोन तासांनीही तुकडा दुप्पट झाला नाही, तर मात्र यीस्टवर बोट ठेवता येईल. साचा धातूचा असल्यास तो गरम पाण्याने धुऊन, पुसून मगच भरा. गार धातू पिठातली ऊब ओढून घेतो.

रानफूल : एवढे मोजमाप करण्यापेक्षा यीस्ट कमी घालून पीठ रात्रभर त्याच गारव्यात ठेवले तर? माझ्या मते चवही सुधारते.

जुना_भटारी : चवीबाबत सहमत आहे. 500 ग्रॅम मैद्याला एक ते दीड ग्रॅम यीस्ट पुरावे, पण रात्री गारवा किती वाढतो यावर सकाळची वेळ ठरेल, आणि ती आधी सांगणे मला तरी जमत नाही.

दहिवर : पाणी कमी केल्यावर गोळा उभा राहिला, मात्र ब्रेडचा आतला भाग दाट झाला. पाणी जास्तच कमी झाले, की फुगायला वेळ अपुरा पडला, हे कसे ओळखावे?

जुना_भटारी : भाजण्याआधी ओल्या बोटाने हलके दाबून पाहा. खळगा लगेच भरून आला तर वेळ अपुरा होता. हळूहळू आणि अर्धवट भरला तर वेळ पुरेसा होता आणि पाण्याकडे पाहावे लागेल. तुम्ही मैदा कोणत्या डब्यात ठेवता, तेही लिहा.