अनुभव धागा: परदेशी टीमने अवेळी ठेवलेल्या मीटिंगला नकार कसा दिलात?

मुक्ता

आमची एक मीटिंग दर बुधवारी कॅलिफोर्नियाच्या सकाळी ९ वाजता, म्हणजे आपल्या रात्री ९:३० ला असायची. जेवण लवकर उरकून मी ती सात महिने केली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॅलेंडर उघडलं तर तीच मीटिंग १०:३० वर गेलेली. वेळ कुणी बदलली नव्हती. तिकडची घड्याळं एक तास मागे गेली, आपली जिथल्या तिथे राहिली. साडेअकराला संपली की डोक्यात तेच विषय फिरत राहायचे आणि झोप लागेपर्यंत एक वाजायचा.

पहिल्यांदा मी चूक केली. काहीच न लिहिता Decline दाबलं. तिकडच्या मॅनेजरला वाटलं, मला या कामात रस उरलेला नाही. त्याने तसं विचारलंही.

मग मी मागच्या आठ मीटिंगची टिपणं काढून वाचली. माझ्यावाचून अडलं असतं अशा तीनच होत्या, बाकी पाचांत मी नुसती ऐकत होते. ते समोर ठेवून साधारण असं लिहिलं: "रात्री १०:३० ला दर आठवड्याला येणं मला जमणार नाही. माझ्या कामाची स्थिती मी बुधवारी माझ्या संध्याकाळी ६ पर्यंत लिहून ठेवेन, तुमचा दिवस सुरू होण्याआधी ती तिथे असेल. ज्यावर बोलून ठरवायचं आहे तेवढ्यासाठी अर्धा तास भेटू. एका आठवड्यात तुमच्या सकाळी ८ ला, माझे रात्रीचे ९:३०. पुढच्या आठवड्यात तुमच्या मंगळवारी संध्याकाळी ६ ला, माझे बुधवारचे सकाळी ७:३०."

लेखी स्थितीला लगेच होकार आला. संध्याकाळच्या ६ ला मात्र तिकडच्या एकीला मुलाला आणायला जायचं असतं. तिने ५ सुचवले, ते माझे ६:३० होत होते. शेवटी त्यांचे ५:३०, माझे ७ असं ठरलं.

तुम्ही काय लिहिलंत, कोणता पर्याय टिकला, कोणता फसला, ते सविस्तर लिहा.

घड्याळजी

मूळ ओळखलंत ते बरं झालं. आवर्ती मीटिंग ज्या टाइमझोनमध्ये बांधली जाते त्याच्याच घड्याळाने चालते. आमंत्रण उघडून तो झोन आधी पाहावा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणते. युरोप मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे अमेरिका सरकलेली आणि युरोप जागेवर, अशी स्थिती असते. तिन्हीकडची माणसं असलेल्या मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ मी तेव्हाच पाहिलाय.

पर्यायी वेळ सुचवताना शहराचं नाव आणि वार दोन्ही लिहा. जुलैत लोक सवयीने PST लिहितात, प्रत्यक्षात तेव्हा PDT चालू असतो, एका तासाचा फरक पडतो. आणि IST तर आयर्लंडवालेही आपल्या उन्हाळी वेळेला म्हणतात. मी एकदा "6 PM IST" असं पाठवलं होतं. डब्लिनचा सहकारी त्याच्या ६ ला आला, तेव्हा माझे रात्रीचे १०:३० झाले होते.

निनाद

एवढं कशाला? मीटिंग Asia/Kolkata वर बांधून टाकायची. मग ती वर्षभर ९:३० लाच राहते, प्रश्न मिटला.

घड्याळजी

आपल्याकडून हलणार नाही, हे खरं. पण मग ती त्यांच्याकडून हलते. उन्हाळ्यात त्यांचे ९, हिवाळ्यात ८. न विचारता असं केलंत तर आठवडाभरात तिकडून कुणीतरी ती परत आपल्या झोनवर नेऊन ठेवेल. विचारून केलंत तर चांगला उपाय आहे.

सुनेत्रा

माझे साहेब याच शहरात बसतात आणि रोज रात्री ९ ला फोन लावतात. त्यांना नाही कसं म्हणायचं, कुणी सांगेल का?

मुक्ता

सुनेत्राताई, तुमचा त्रास कळतो, पण तो वेगळा आहे. आमच्याकडे एकाचा दिवस ही दुसऱ्याची रात्र असते, म्हणून वेळेची अदलाबदल करता येते. तुमच्या साहेबांना दिवसाची वेळ मोकळी असूनही ते रात्री बोलावतात. त्यावर स्वतंत्र धागा काढलात तर मीही लिहीन.

पहाटवारा

आमचं उलट्या दिशेने. सिडनीच्या टीमने सकाळी १० ची मीटिंग लावली. ते आपले पहाटेचे ५:३०, आणि ऑक्टोबर ते एप्रिल तर ४:३०. मी महिनाभर धीर करत होतो. शेवटी कॅलेंडरमध्ये कामाचे तास भरले आणि Propose new time मधून त्यांच्या दुपारी ३ ची वेळ पाठवली, सोबत एक ओळ, "माझ्याकडे आत्ता पहाटेचे साडेचार आहेत." दहा मिनिटांत माफी मागून वेळ बदलली. त्यांनी माझं घड्याळ कधी पाहिलंच नव्हतं. मधले चार आठवडे उगाच गेले, याचं अजून वाईट वाटतं.

कल्याणी

आमच्या टीममध्ये कॅलिफोर्निया, लंडन आणि आपण. तिघांनाही सुसह्य असा तास निघतच नाही. आपण म्हटलं, रेकॉर्डिंग पाहू. इथेच फसलं. मी रेकॉर्डिंग पाहीपर्यंत निर्णय होऊन गेलेले असत. दोनदा माझ्याच मोड्यूलबद्दल मला न पटणारी गोष्ट ठरली, आणि विचारलं तर उत्तर आलं, "तुम्ही काही बोलला नाहीत."

मग मी नियम मागून घेतला. मीटिंगमध्ये जे ठरेल ते कागदावर "प्रस्तावित" म्हणून राहील आणि माझ्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६ नंतरच पक्कं होईल. एक दिवस उशीर होतो, त्यावर कुरकुरही झाली. पण चुकीचं ठरून पुन्हा काम करण्यात त्याहून जास्त दिवस जात होते. सिस्टिम बंद पडली तर मी रात्री २ लाही येते, ते मी पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं.

कंत्राटी

तुम्ही सगळे कायम नोकरीतले दिसता. मी नकार दिला, पर्यायही दिले, अगदी नम्रपणे. पुढच्या तिमाहीत मला त्या कामावरून हलवलं. कारण तेच होतं असं मी सिद्ध करू शकत नाही. आता ११ ची मीटिंग करतो.

कल्याणी

तुमच्याकडून अजून कुणी त्या मीटिंगला असतं का? आमच्याकडे दोघींनी मिळून आमच्या लीडला सांगितलं आणि लीडने तिकडे कळवलं. एकटीचं नाव पुढे आलं नाही.

कंत्राटी

मी एकटाच आहे.

घड्याळजी

मुक्ता, एक राहिलं. तुमची सकाळी ७ ची मीटिंग त्यांच्या झोनवर बांधलीय की आपल्या? त्यांच्या असेल तर मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर त्यांचे ५:३० म्हणजे तुमचे सकाळचे ६ होतील. उन्हाळ्यात रात्रीची वेळ अलीकडे येते, पण सकाळचीही अलीकडेच येते, हे लोक विसरतात.

मुक्ता

आत्ता उघडून पाहिलं. त्यांच्याच झोनवर आहे. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांना ६:३० मागितले तर मुलाला आणण्याचा प्रश्न पुन्हा येईल. उलट उन्हाळ्यात त्यांचे सकाळी ८ म्हणजे माझे रात्रीचे ८:३० होतात, ते मला चालतील. मार्च ते नोव्हेंबर सकाळची पाळी बंद ठेवून दर आठवड्याला ८:३० च घ्यावी, असं आजच लिहिते. त्यांचं उत्तर आलं की इथे कळवेन.