विभागप्रमुखाचं निरोपाचं भाषण : आभार थोडक्यात कसे मानावेत?

31 मे जवळ आली. शाळेत 1 जून जन्मतारीख लावलेली मंडळी भरपूर, त्यामुळे सरकारी कचेऱ्यांत 31 मेलाच एकाच हॉलमध्ये चार-पाच निवृत्तीचे सत्कार असतात. अशा वेळी निवृत्त होणाऱ्या विभागप्रमुखांनी काय आणि किती बोलावं? जाणकारांनी लिहा.

आस्थापना_टेबल : चार मिनिटं, बस. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे चारशे शब्दांचा मजकूर. सत्कारमूर्तींची पाळी सगळ्यांची भाषणं झाल्यावर येते, तोवर लोकांचं लक्ष चहाकडे गेलेलं असतं. गाडी घसरते ती नावांवर. तेवीस जणांची यादी वाचायला घेतली की तेविसावा हमखास राहतो आणि लक्षात तोच राहतो. म्हणून नावं तीनच, तीही कामासकट. उरलेल्यांचे आभार टेबलाप्रमाणे. उदाहरणार्थ : "ऑडिटचे मुद्दे निघाले तेव्हा लेखा शाखेनं दोन रविवार कार्यालयात काढले. सही माझी होती, मेहनत त्यांची." शिपाई आणि ड्रायव्हर यांचा उल्लेख सुरुवातीलाच करावा. शेवटी केला तर उपचार वाटतो.

कोकणकडा : मग नावं घ्यायचीच कशाला? सरसकट 'सर्व सहकारी' म्हणावं, कुणी रुसणार नाही.

आस्थापना_टेबल : रुसणार नाही हे खरं, पण ते भाषण कुठल्याही खात्यात खपेल. तीन नावं निवडताना पदाची उतरंड पाहू नका, काम पाहा. ज्यांची नावं येणार नाहीत त्यांना आदल्या दिवशी जागेवर जाऊन भेटा.

सुमेधा_ताई : आमचे साहेब निवृत्त होतायत, मला त्यांच्याबद्दल बोलायचंय. कविता चालेल का?

पाणपोई : ताई, हा धागा साहेबांनी काय बोलावं याचा आहे. पण चारच ओळी असतील तर चालेल.
हाताशी संबंधित एक गोष्ट : शाल घसरते, नारळ हातात असतो, चष्मा खिशात. बोलायला उठण्यापूर्वी शाल-श्रीफळ टेबलावर ठेवा. हाराखाली कॉलर माइक असेल तर खरखर होते, आधी हार काढा. मजकूर जाड कार्डावर, मोठ्या अक्षरात. पातळ कागद थरथरतो आणि ते सगळ्यांना दिसतं.

कोकणकडा : रखडलेली पदोन्नती, अडकलेलं पेन्शन, हे बोलावं का? शेवटची संधी असते.

आस्थापना_टेबल : नाही. समोर बसलेल्यांतला एकही जण ते सोडवू शकत नाही. लेखी अर्ज द्या.

पाणपोई : घरच्यांचा उल्लेख मात्र मधेच उरकावा. आवाज तिथेच भरून येतो, पुढे सावरायला दोन वाक्यं तरी उरायला हवीत.

सुमेधा_ताई : छे! तो शेवटीच हवा. आवाज भरून आला तर आला.