‘कार्यकारी सारांश’ म्हणावं की ‘गोषवारा’?

परळकर: आमच्या सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटच्या अहवालाचं मराठी करतेय. ‘एक्झिक्युटिव्ह समरी’ला काय लिहू? सुरुवात अशी आहे: “सदर इमारत सन १९८४ मध्ये बांधलेली आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३बी नुसार तीस वर्षांवरील इमारतींचे परीक्षण बंधनकारक आहे. त्यानुसार रिबाउंड हॅमर व अल्ट्रासोनिक चाचण्या घेण्यात आल्या…” इमारत सी-२ए वर्गात मोडते, हे दुसऱ्या पानाच्या तळाशी येतं.

बोरिवली६६: ‘सारांश’ लिहा. प्रत्येक प्रकरणाच्या दोन-दोन ओळी घेतल्या की झाला.

माहीमची मावशी: सारांश शब्द बरोबर, पण दोन-दोन ओळींच्या हिशेबानंच हा मजकूर असा लांबलाय. ‘गोषवारा’ मला जमाखर्चाच्या बेरजेलाच शोभतो. परळकरताई, प्रत्येक वाक्याला विचारा: हे काढलं तर कमिटीचा निर्णय बदलेल का? बांधकामाचं साल आणि कलम काढून काही बदलत नाही, ते आत जाऊ दे. चाचण्यांची नावंही आत. मग असं उरतं:

“इमारत सी-२ए वर्गात आहे. ती पाडण्याची गरज नाही, पण मोठी दुरुस्ती लागेल. पार्किंगमधल्या सहा खांबांत सळ्या गंजून काँक्रीट फुटले आहे. त्यांना तातडीने टेकू द्यावेत, त्यांच्यावरची दोन घरे दुरुस्तीपुरती रिकामी करावीत आणि ठेकेदार नेमण्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी.”

आता पुढचं सगळं हातानं झाका. एवढ्यावरून सेक्रेटरींना सभेची नोटीस लिहिता आली, तर जमलं. ‘दुरुस्तीबाबत योग्य ती कार्यवाही करावी’ असं लिहिलं असतं, तर त्यांना पुन्हा पानं चाळावी लागली असती.

विलेपार्ले: माझ्या पीएचडीच्या गोषवाऱ्यात गाइडनी पद्धत आधी मागितली होती. निष्कर्ष शेवटी.

माहीमची मावशी: तिथं परीक्षक तुमची पद्धतच तपासणार असतात. इथं माणसं ऑफिसातून थेट मीटिंगला येतात आणि घरं रिकामी करायची की नाही हे ठरवतात.

परळकर: एक अडचण आहे मावशी. चौथ्या मजल्यावरचे दोन फ्लॅट बंद होते, आतून पाहणी झालेली नाही. तेही आत टाकू?

माहीमची मावशी: ते मात्र नको. ते उघडल्यावर वर्ग बदलू शकतो, म्हणून शिफारशीला लागूनच ते वाक्य हवं. आणि क्रम बदललात तर मसुदा इंजिनिअरना दाखवा. सही त्यांची आहे.

बोरिवली६६: शिफारशीला लागून ‘पाहणी अपुरी’ लिहिलंत तर विरोध करणारे सभासद तेवढंच धरून बसतील. मी ते तिसऱ्या परिच्छेदात ठेवेन.

माहीमची मावशी: मग ते धरून बसू देत. फ्लॅट उघडायला लावायचा तोच मार्ग आहे.

परळकर: इंजिनिअर दोन्ही मसुदे मागतायत. शीर्षक ‘सारांश’ ठेवते, ‘कार्यकारी’ गाळते.