डिकॅफ पिऊनही आईला धडधड होते, काय चुकतंय?

बजाजनगर_कन्या:
नमस्कार मंडळी. आई ६१ वर्षांची आहे. मधूनमधून छातीत धडधड होते आणि त्या भीतीने घाबरायला होतं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. कॉफी बंद करा म्हणाले. तिला कॉफीशिवाय करमत नाही म्हणून डिकॅफ इन्स्टंटची बाटली मागवली. दिवसाला दोन कप घेते, तरी दुपारी ४-५ च्या सुमारास धडधड होतेच. डिकॅफमध्येही कॅफीन उरतं का? आणि ते काढायला केमिकल वापरतात म्हणे, त्याचा त्रास असेल का?

सदरचा_रम्या:
काकूंना चिकोरीवाली कॉफी द्या ना भाऊ. चिकोरीत कॅफीन नसतेच. डिकॅफवर कायले पैसे घालवता?

इस्टेट_सोडलेला:
चिकोरीत कॅफीन नसतं, हे बरोबर. पण ७०:३० मिश्रणात ७० टक्के कॉफीच असते, म्हणजे कॅफीन कमी होतं, संपत नाही. नुसती चिकोरी प्यायची तर गोष्ट वेगळी.

मी चिकमगळूरकडे कॉफीची प्रत तपासायच्या कामात बरीच वर्षं होतो, त्या अनुभवावर लिहितो. कॅफीन भाजण्याआधी, कच्च्या हिरव्या बियांतून काढतात. बिया वाफेवर फुगवायच्या आणि मग मिथिलीन क्लोराइड किंवा इथिल अ‍ॅसिटेट वारंवार फिरवायचं. पहिलं ४० अंशांना उकळतं, दुसरं साधारण ७७ ला. नंतर पुन्हा वाफ देतात आणि भाजताना बी २०० अंशांच्या वर जाते, त्यामुळे उरतं ते अगदी नगण्य. अमेरिकेत मिथिलीन क्लोराइडची मर्यादा दहा लाखात १० भाग आहे. तरी नको वाटत असेल तर पाण्याने कॅफीन काढलेली कॉफी मिळते. त्यात कॉफीचे बाकी सगळे घटक आधीच विरघळलेल्या पाण्यात बिया भिजवतात, म्हणून बीमधून फक्त कॅफीन बाहेर येतं आणि ते कोळशाच्या गाळणीत अडकतं. चव बरी राहते, किंमत मात्र झोंबते.

आता उरलेल्या कॅफीनचा हिशोब. साध्या इन्स्टंटमध्ये ३ टक्क्यांच्या आसपास कॅफीन असतं, म्हणजे २ ग्रॅमच्या चमच्यात साधारण ६० मिलिग्रॅम. युरोपच्या नियमाप्रमाणे डिकॅफ इन्स्टंटमध्ये ०.३ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे त्याच चमच्यात फार तर ६. आईंचे दोन कप झाले १२. एवढ्याने बहुतेकांना काही होत नाही. त्या चहा किती घेतात?

बजाजनगर_कन्या:
चहा तर आहेच! सकाळी दोनदा, दुपारी ३ ला एकदा. तो आम्ही धरलाच नव्हता.

इस्टेट_सोडलेला:
आपल्याकडचा उकळलेला चहा कपाला ३०-४० मिलिग्रॅम सहज देतो. तीन कपांचे शंभराच्या आसपास झाले, डिकॅफचे १२. कॅफीनचा जोर घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने येतो आणि निम्मं कॅफीन उतरायला पाचेक तास लागतात. ३ चा चहा आणि ४ ची धडधड जुळतेय. सिद्ध झालं असं म्हणत नाही.

धंतोलीची_वहिनी:
मला तर डिकॅफनेही अ‍ॅसिडिटी होते, पोटात जळजळ होते. वजनासाठी ग्रीन कॉफी घेऊ का?

इस्टेट_सोडलेला:
वहिनी, डिकॅफमध्ये आम्लं राहतातच, त्यामुळे जळजळ होऊ शकते. ग्रीन कॉफी म्हणजे न भाजलेली कॉफी, तिच्यात कॅफीन पूर्ण असतं. वजनाचं मला विचारू नका.

औषध_दुकान_मानेवाडा:
ताई, आई डोकेदुखीची किंवा सर्दीची गोळी घेतात का? काही गोळ्यांत कॅफीन असतं, पाकिटावर लिहिलेलं असतं. सर्दीच्या गोळीतल्या फेनिलेफ्रिनने बीपी वाढू शकतं आणि धडधडही होऊ शकते. चहा एकदम तोडू नका, दुसऱ्या दिवशी डोकं ठणकेल आणि त्यावर पुन्हा तीच गोळी घेतली जाईल. आधी दुपारचा कप सोडा. शिवाय मेमधल्या उन्हात पाणी कमी पडलं तरी ठोके वाढतात.

आणि ईसीजी फक्त काही सेकंदांचा असतो. धडधड त्या वेळी नसेल तर तो नॉर्मल येऊ शकतो. २४ तास ठोके नोंदवणारा होल्टर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन याबद्दल डॉक्टरांना विचारा. चक्कर, छातीत दुखणं किंवा दम लागला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बजाजनगर_कन्या:
सर्दीची गोळी गेल्या आठवड्यात होती, पण धडधड त्याआधीपासून आहे. दुपारचा चहा बंद करून वेळा लिहून ठेवते. होल्टरचं पण विचारते. पण भीती आधी येते की धडधड, तेच तिला सांगता येत नाही.

सदरचा_रम्या:
आमच्या मामींचं थायरॉइडच निघालं होतं. तपासून घ्या जी.