एचएमटी पायलट : लिलाव की ठरावीक किंमत?

>> आजोबांचं एचएमटी पायलट घड्याळ विकायचंय. लिलाव लावू की एकच किंमत सांगू? डायलवर डाग आहे, तो लिहायचा का?

डाग लिहाच, आणि आधी डायल भिंगाखाली बघा. पायलटच्या बाजारात रंगवलेल्या डायलांचा सुळसुळाट आहे. अक्षरांच्या कडा जाड, मिनिटांच्या रेषा आकड्यांशी न जुळणाऱ्या, असं दिसलं तर डायल बहुधा पुन्हा रंगवलेली. मूळ डायलवरचा जुना डाग जाणकाराला चालतो, नवा चकचकीत रंग नाही.

डायल मूळ असेल तर ठरावीक किंमत बरी. हे मॉडेल नेहमी विकलं जातं, त्यामुळे भाव कळतो. मात्र मागितलेले नव्हे, प्रत्यक्ष विकले गेलेले भाव पाहा. समजा अशी घड्याळं ३,००० ते ३,५०० ला गेली, तर ३,६०० सांगा आणि घासाघीस चालेल असं लिहा. जुन्या बाजारातला विक्रेता सांगेल तो भाव धरू नका, त्याला पुढे विकायचं असतं.

लिलाव क्वचित दिसणाऱ्या डायलसाठी, जिथे भावच ठाऊक नसतो. सुरुवात अशा रकमेने करा की एकच बोली आली तरी घड्याळ देताना जीव तुटणार नाही. एक रुपयाची सुरुवात दोन हट्टी गिऱ्हाइकं असतील तरच फळते. मुदत सात दिवस, शेवट रविवारी रात्री नऊच्या सुमारास.

वर्णनात 'उत्तम स्थिती' नको. असं लिहा: "चावी दिल्यावर चालतं, वेळेची अचूकता तपासलेली नाही. सर्व्हिसिंग कधी झालं माहीत नाही. सहाजवळ डाग, काचेवर ओरखडे, पट्टा नवा." डागाचा फोटो उजेडात, जवळून.