मदत हवी आहे : वसरीतलं गाणं, आणि माइकची तीन चिन्हं

राजांगण
फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घरात आत्याचे अभंग रेकॉर्ड करतेय. आत्या ७४ वर्षांची आहे, आवाज अजून सुरेल आहे, पण एका बैठकीत तीनापेक्षा जास्त अभंग होत नाहीत. तबला शेजारचे काका वाजवतात. जागा म्हणजे राजांगणाला लागून असलेली वसरी : चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंती, गुळगुळीत सिमेंटची जमीन, वर कौलं.

माइकवर गोल, बदाम आणि आठ अशी तीन चिन्हं आहेत. माइक तीन फुटांवर ठेवून तिन्हींवर एकच कडवं घेतलं. ऑम्नीवर आत्या विहिरीतून गातेय असं वाटतं. कार्डिऑइडवर आवाज जवळ येतो, पण मागच्या भिंतीकडे बसलेल्या काकांचा तबला बोथट येतो. फिगर-एटवर घुमणं कार्डिऑइडइतकंच वाटतं, फक्त 'विठ्ठल' म्हणून ती थांबली की मागून एक थाप परत येते. कोणतं निवडू?

टाळकुटे
ऑम्नी विसरा. घरात नेहमी कार्डिऑइड, आणि माइक तोंडापासून चार बोटांवर. खोली ऐकूच येणार नाही.

सांजवात
माझाही हाच त्रास. चतुर्थीला घुमट आरती मोबाइलवर घेतली, सगळा गोंगाट आला. मोबाइलला कार्डिऑइड करता येतं का?

चिरेबंदी
सांजवात, मोबाइलचं वेगळं आहे, त्याचा धागा काढा, तिथे लिहितो.

राजांगण, तुमची तुलना ऑम्नीवर अन्याय करणारी आहे. खोलीभर फिरणारा आवाज कार्डिऑइड ऑम्नीच्या एक तृतीयांश घेतो. फिगर-एटही तेवढाच घेतो, म्हणून तुम्हाला दोन्हींचं घुमणं सारखं वाटलं, कान बरोबर आहेत. अंतरात सांगायचं तर कार्डिऑइड तीन फुटांवर जेवढी खोली देतो, तेवढीच ऑम्नी साधारण पावणेदोन फुटांवर देईल. ऑम्नी पुढे आणा आणि मग ऐका. ऐकताना तिन्ही टेकमधला आत्याचा आवाज सारख्या पातळीवर आणा, नाहीतर मोठा वाजणारा टेकच चांगला वाटतो. आणि ओळ संपल्यावरची शेपटी ऐका, खोली तिथे कळते.

टाळकुटे म्हणतात तसं चार बोटांवर कार्डिऑइड ठेवलात तर खोली खरंच कमी होईल. पण खर्ज फुगेल, आणि आत्या मान हलवत गात असेल तर दर समेला आवाजाचा पोत बदलेल. ऑम्नीत जवळ गेल्यावर खर्ज फुगत नाही. फिगर-एटमध्ये तो सर्वांत जास्त फुगतो, त्याला दीड-दोन फूट तरी द्या.

तरी तुमच्या जागी मी फिगर-एटच घेईन. माइक उभा असला की त्याच्या दोन्ही कडा बहिऱ्या असतात, आणि वरची-खालची बाजूसुद्धा. म्हणजे कौलांवरून आणि जमिनीवरून येणारं बरंचसं कापलं जातं. काकांना भिंतीकडून उठवून माइकच्या कडेच्या रेषेत, तीनेक फुटांवर बसवा. आत्याला ते दिसत राहतील, सम चुकणार नाही. तबला खोलीतून थोडा येईलच, पण गाण्याच्या मागे राहील.

तुमची थाप म्हणजे माइकच्या पाठीमागची भिंत. पाठ तोंडाइतकीच ऐकते. माइकची पाठ राजांगणाकडे करा, तिथे भिंतच नाही.

टाळकुटे
खर्ज तर लो-कटने जातो की.

चिरेबंदी
फुगवटा जातो. मान हलल्यावर होणारी कमी-जास्त जात नाही.

राजांगण
काल करून पाहिलं. आत्या भिंतीला पाठ करून, माइक दोन फुटांवर, पाठ राजांगणाकडे, काका उजव्या कडेला. थाप गेली! तबल्याची चाट स्पष्ट आहे पण मागे आहे, डग्गा मात्र अजून जरा पसरट येतो. पावणेदोन फुटांवरचा ऑम्नीही घेतला, विहीर नाहीशी झाली. आत्याला तोच आवडला, "हें म्हजें घर कशें दिसता" म्हणाली. पण त्यात काका फार पुढे येतात.

नवीन अडचण अशी की आठाची पाठ राजांगणातले रातकिडे तुळशीसकट उचलून आणते. दिवसा कावळे आणि शेजारचा पंप.

चिरेबंदी
पाठीमागे चार-पाच फुटांवर दोरीवर दोन जाड गोधड्या सोडून बघा. किडे बारीक आवाजाचे, ते अडतील. पंपाची घरघर अडणार नाही. डग्ग्याचं खात्रीने सांगता येत नाही, काकांखाली जाड सतरंजी घालून एक टेक घ्या.

टाळकुटे
आत्यांना ऑम्नी आवडला असेल तर काकांनाच आणखी दोन हात मागे न्या ना.

राजांगण
तेही करते. रविवारी आत्याचा घसा बरा असला तर दोन्ही घेईन.